‘बंद’ हा रकाना मी का काढला

माझ्या जुन्या डाएट चार्टच्या उजव्या बाजूला एक रकाना असायचा. त्याचं शीर्षक ‘बंद’. साखर, मैदा, तळलेलं, भात, बटाटा, केळं, आंबा, चिकू, बेकरीचं सगळं, आणि संध्याकाळी सातनंतर काहीही. आहारतज्ज्ञ म्हणून काम सुरू केल्यावर कितीतरी वर्षं मी तो रकाना छापून देत होते. तो जितका लांब तितका चार्ट पक्का, असं मला मनापासून वाटायचं. आज माझ्या चार्टवर तो नाही. तो मी का काढला हे सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण तसे चार्ट आजही घरोघरी फ्रिजवर चिकटवलेले असतात आणि त्यांच्यापायी रात्री त्याच फ्रिजसमोर काय घडतं, ते सहसा कुणी बोलत नाही.

माझी जुनी समजूत अशी होती: माणसाला मोकळीक दिली की तो वाहवत जातो. नियम कडक असेल तर रोज मनाशी झगडावं लागत नाही. एक बिस्किट खाल्लं की दुसरं खाल्लं जातं, म्हणून पहिलंच नको. या समजुतीला पुरावाही मिळायचा. पहिल्या दीड-दोन महिन्यांत वजन झरझर उतरायचं, लोक खूश व्हायचे, ओळखीच्यांना घेऊन यायचे. पुढे काहीजण यायचे बंद होत. वर्षाभराने त्यांच्यातलं कुणी परत आलं, तर वजन आधीपेक्षा जास्त असायचं आणि तोंडी एकच वाक्य: ‘मॅडम, तुमचा चार्ट चांगलाच होता, माझाच कंट्रोल राहत नाही.’ मी ते वाक्य खरं मानून पुन्हा तोच चार्ट, थोडा आणखी आवळून देत असे.

मत बदलायला सुरुवात झाली ती एका बाईंमुळे. त्यांची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. वय एक्केचाळीस, डोंबिवलीला घर, मुंबईत बँकेत नोकरी. वजन ७४ किलो होतं, कडक चार्टवर तीन महिन्यांत ६६ झालं, आणि त्यानंतरच्या वर्षात ७७. त्या आल्या तेव्हा त्यांना अजून कडक चार्ट हवा होता. या वेळी मी चार्ट काढला नाही. ‘गेल्या आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस मला सकाळपासून सांगा,’ असं म्हटलं. त्यांनी रात्रीपासून सांगायला सुरुवात केली. मी त्यांना सकाळवर आणलं.

तो गुरुवार होता. सकाळी कोमट पाण्यात लिंबू. आठच्या सुमाराला मुगाचं एक धिरडं. साडेबाराला एक फुलका, वाटीभर वरण, काकडी-टोमॅटो. त्यानंतर चार्टप्रमाणे संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि सातच्या आत सूप. चार वाजता ऑफिसात कुणाचा तरी निरोपसमारंभ होता. आग्रह झाला, त्यांनी अर्धा समोसा खाल्ला. तिथून पुढचं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. ‘अर्धा खाल्लाच आहे, तर आजचा दिवस गेला, असं वाटलं. मग उरलेला अर्धाही खाल्ला. स्टेशनबाहेर फरसाणचं पाकीट घेतलं, ते घरी पोचेपर्यंत संपलं. जेवायच्या वेळी सगळ्यांसमोर फक्त सूप घेतलं. साडेदहाला मुलं झोपल्यावर ओट्यापाशी उभ्या उभ्या आधी पोळी-गूळ-तूप, मग उरलेला वरणभात थंडच, मग श्रीखंडाचा डबा. पोट दुखायला लागलं तेव्हा थांबले. चव कसलीच लागत नव्हती.’ शुक्रवारी शिक्षा म्हणून दिवसभर फक्त ताक. शुक्रवारी रात्री पुन्हा तेच. शनिवार-रविवार ‘आता सोमवारपासून कडक’ म्हणून जे जे बंद होणार ते ते सगळं खाऊन घेतलं.

मी कागदावर ढोबळ हिशेब मांडला. चार वाजेपर्यंत त्यांच्या पोटात जेमतेम तीनशे-साडेतीनशे कॅलरी गेल्या होत्या. सकाळी साडेसहाच्या आधी उठलेली, दोन तास लोकलमध्ये उभी राहणारी, दिवसभर काउंटरवर बसणारी बाई, आणि चार वाजेपर्यंत एवढंच अन्न. अर्ध्या समोशाच्या फार तर सव्वाशे-दीडशे कॅलरी. रात्रीचं सगळं मिळून दीड-दोन हजार. त्यांच्या डोक्यात गुन्हेगार होता समोसा. हिशेबात समोसा कुठेच दिसत नव्हता. दिसत होतं ते दिवसभराचं रिकामं पोट आणि ‘आजचा दिवस गेला’ हे एक वाक्य. या दोन्हींची सोय माझ्याच पद्धतीच्या चार्टने करून ठेवली होती.

आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात, ते आपण हसण्यावारी नेतो. पण त्यामागचं शरीराचं आणि मनाचं गणित चांगलं तपासलं गेलेलं आहे, आणि ते वाचल्यावर माझी जुनी समजूत टिकणं अवघड होतं.

शरीराच्या बाजूचा सगळ्यात ठळक पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसं खायला घालावं हे कळावं म्हणून अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार देणारे होते आणि स्वेच्छेने आले होते. १९४५ मध्ये सुमारे सहा महिने त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न देण्यात आलं, दिवसाला साधारण सोळाशे कॅलरी, आणि भरपूर चालवण्यात आलं. वजन साधारण पाव भागाने उतरलं. पण जे जाणवण्यासारखं आहे ते वेगळंच. ज्यांना आयुष्यात कधी स्वयंपाकात रस नव्हता असे तरुण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, दिवसभर खाण्याविषयीच बोलायला लागले, ताटं चाटायला लागले. आणि पुन्हा पोटभर अन्न मिळायला लागल्यावर काहीजण प्रचंड खायचे, आणि एवढं खाऊनही भूक भागली असं त्यांना वाटेना. ही माणसं निश्चयाने कमी नव्हती. त्यांच्या शरीराला तुटवडा पडला होता आणि शरीर तो भरून काढत होतं. ते धडधाकट, रोज मैलोन्‌मैल चालणारे पुरुष होते, त्यामुळे त्यांचे सोळाशे आणि डोंबिवलीच्या बाईंच्या चार्टवरच्या मोजक्या कॅलरी यांची थेट तुलना मी करत नाही. दिशा मात्र तीच आहे.

मनाची बाजू १९७५ मधल्या एका प्रयोगात दिसते. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या अभ्यासकांनी विद्यार्थिनींना चव-चाचणीच्या निमित्ताने बोलावलं. काहींना आधी काहीच दिलं नाही, काहींना एक मिल्कशेक, काहींना दोन. मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं: हवं तेवढं खा आणि चव कशी आहे ते सांगा. ज्या डाएट करत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे साहजिक आहे. ज्या खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या होत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्लं. त्यांचा दिवस मिल्कशेकनेच ‘गेला’ होता. नंतरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट पुढे आली: प्रत्यक्षात कितीही कॅलरी पोटात गेलेल्या असोत, आपण भरपूर कॅलरीचं काहीतरी खाल्लं आहे असं सांगितलं गेलं तरी लगाम सुटतो. म्हणजे नियम मोडला हा समजच पुरेसा असतो. माझ्या ‘बंद’च्या रकान्यात दहा-बारा पदार्थ होते. रोज बाहेर जाणाऱ्या माणसासाठी ते नियम मोडण्याचे दहा-बारा प्रसंग होते, आणि प्रत्येक प्रसंगानंतर दिवस ‘गेला’.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डाएट करणारा प्रत्येकजण असा तुटून पडतोच, असं नाही. देखरेखीखाली, माफक कपातीने वजन उतरवणाऱ्या अनेकांना हा त्रास होत नाही. जर्मनीतले योआखिम वेस्टनह्योफर यांनी १९९१ मध्ये खाण्यावरच्या नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: एक ताठर, ‘सगळं नाहीतर काहीच नाही’ असा, आणि दुसरा लवचिक, ज्यात आवडीचं थोडं खाल्लं जातं आणि एका जेवणात जास्त झालं तर पुढे आपोआप थोडं कमी होतं. ताठर नियंत्रण असणाऱ्यांत ताबा सुटण्याचं प्रमाण जास्त दिसलं, लवचिकांत कमी. यातून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्या समोरच्या खुर्चीत बसणारी माणसं बहुतेक पहिल्या प्रकारची असतात. ती ओळखायला मी आता वजनकाट्याच्या आधी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देते. ‘सोमवारपासून’, ‘आज चांगली होते’, ‘काल घाण केली’, ‘एकदा सुरू झालं की थांबत नाही’. चारचौघांत अगदी थोडं आणि एकट्याने भराभर खाणं. नवं डाएट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी निरोपाचं जेवण. हे दिसलं की कपातीचा चार्ट देणं म्हणजे आजाराला खतपाणी घालणं आहे, असं माझं आता ठाम मत आहे.

त्या बाईंबरोबर आम्ही काय केलं, ते सांगते. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी वही. कॅलरी लिहायच्या नाहीत. किती वाजता, काय, कुठे बसून की उभ्याने, आणि ताबा सुटल्यासारखं वाटलं तर शेजारी एक फुली. डोक्यात त्या वेळी कुठलं वाक्य होतं तेही. एकच अट: खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं, रात्री आठवून नाही, कारण रात्री आठवताना माणूस स्वतःवर निकाल देत बसतो. दोन आठवड्यांच्या वहीत त्यांना स्वतःलाच दिसलं की फुल्या जवळजवळ सगळ्या अशा दिवशी आहेत, ज्या दिवशी दुपारचं जेवण आणि संध्याकाळ यांत सहा-सात तासांचं अंतर पडलं.

मग वेळा. ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी या त्रासासाठी जी उपचारपद्धती घडवली, तिचा हा पाया आहे: तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. सुरुवातीला काय खाता यापेक्षा कधी खाता याला महत्त्व. आम्ही सकाळी आठला वाटीभर पोहे आणि दूध, अकराला फळ, एकला दोन पोळ्या, भाजी, वरण, दही असं ठरवलं. सगळ्यात मोलाचं ठरलं ते पाचचं खाणं. ऑफिस सोडण्याआधी काहीतरी भरीव: उकडलेलं अंडं आणि ब्रेड, नाहीतर दाण्याचा लाडू, नाहीतर घरून आणलेली गुंडाळलेली पोळी-भाजी. रात्री साडेआठला सगळ्यांबरोबर बसून जेवण, भातासकट. त्या घाबरल्या. ‘एवढं खाल्लं तर मी फुगेन.’ पहिल्या महिन्यात वजन किलोभराने वाढलंही. मी ते आधीच सांगून ठेवलं होतं, आणि वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या सकाळी करायचं असं ठरलं होतं, कारण रोजचा काटा एक-दीड किलो इकडेतिकडे करतो आणि त्यावर यांचा दिवस चांगला की वाईट ते ठरायचं.

यात सगळ्यात अवघड पायरी वेगळीच होती. रात्री तुटून पडणं झालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोहे खायचेच. भूक नसली, लाज वाटत असली तरी थोडे का होईना खायचे. ताकावर दिवस काढायचा नाही. त्यांचं म्हणणं होतं, की मग केलेल्याची भरपाई कशी होणार? पण वहीतला दुसरा दिवस बघा, असं मी दाखवलं. प्रत्येक भरपाईच्या दिवसानंतर रात्री फुली होती. भरपाई हाच पुढच्या रात्रीचा पहिला घास होता. हे त्यांना माझ्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या अक्षरात वाचून पटलं. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून फुल्या विरळ व्हायला लागल्या.

तोवर ‘बंद’ पदार्थांना आम्ही हात लावला नव्हता. पोट रोज वेळेवर भरायला लागल्यावरच तो विषय काढला. त्यांनी स्वतः यादी केली, सोप्यापासून अवघडापर्यंत: भात, बटाट्याची भाजी, केळं, फरसाण, श्रीखंड. एका वेळी एकच पदार्थ परत आणायचा. शांत दिवशी, जेवणाबरोबर, ताटात वाढून घेऊन, बसून, कुणाच्या तरी सोबतीने. उपाशीपोटी नाही, भांडण झालेल्या संध्याकाळी नाही, एकट्याने नाही. भात महिनाभरात साधा झाला. फरसाणला वेळ लागला. पाकीट हातात घेऊन खायचं नाही, वाटीत काढायचं आणि पाकीट क्लिप लावून वर ठेवायचं, यावर आम्ही बराच काळ थांबलो होतो. श्रीखंड शेवटी आलं. एका रविवारी पुऱ्यांबरोबर, घरात सगळ्यांना पुरेल एवढाच छोटा डबा आणून. त्यांनी दोन चमचे घेतले, मग आणखी एक, आणि जेवण झालं. पुढच्या वेळी मला म्हणाल्या, ‘मॅडम, पहिल्यांदा कळलं की मला ते जरा जास्तच गोड लागतं.’ इतकी वर्षं त्यांनी डबेच्या डबे संपवले होते, पण चव घ्यायला कधी थांबल्या नव्हत्या.

पदार्थ परत आणण्याचा अर्थ मोकाट सोडणं असा नाही, हे मी आग्रहाने सांगते. वेळा पक्क्या नसताना ‘काहीही खा’ म्हटलं, तर माणूस पुन्हा त्याच रात्रीच्या ओट्यापाशी जातो. लवचिकपणा पदार्थांत आणि प्रमाणात आहे, वेळांत तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी.

सहा महिन्यांनी आठवड्यातल्या चार रात्रींवरून महिन्यातून एखादी रात्र उरली होती. वजन वर्षाअखेरीस ७३ होतं. ६६ झालं नाही, आणि पुढेही होईल असं मी म्हणणार नाही. माझ्या जुन्या हिशेबात हा निकाल सुमार ठरला असता. आज मी तो चांगला मानते, कारण तो टिकून आहे आणि त्यासाठी त्यांना कुठल्याही रात्री लपावं लागत नाही. झटपट वजन उतरायला हवं म्हणून आलेले काहीजण हे ऐकून दुसरीकडे जातात. त्यांना मी अडवत नाही.

काही ठिकाणी माझं काम पुरत नाही. आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा असा ताबा सुटतोय आणि तीन महिने झाले तरी थांबत नाही, तर तो निदान होऊ शकणारा आजार आहे, आणि अशा वेळी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. खाल्लेलं ओकून टाकणं किंवा जुलाबाची औषधं घेणं चालू असेल तर वाट बघायचीच नाही, कारण त्याने रक्तातलं पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मधुमेह असणाऱ्यांसाठी वेळेवर खाणं आणखी गरजेचं आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भरपाईचा उपास धोक्याचा ठरतो. त्यांचं भाताचं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवते, पण भातावर फुली मारत नाही.

घरच्यांशीही आता बोलते, पूर्वी कधी बोलत नसे. त्या बाईंच्या यजमानांना मी एवढंच सांगितलं, की ताटाकडे बघून काहीही म्हणू नका. ‘हे तुला चालतं का?’ नको, आणि ‘आज काहीच खाल्लं नाहीस, वा!’ तर त्याहून नको. सासूबाईंचा प्रश्न उपासाचा होता. सून एकादशी सोडणार का? मी काही महिने सोडा म्हटलं. औषधोपचार चालू असताना उपास सोडतातच, हे सासूबाईंना लगेच पटलं, मला वाटलं होतं त्याहून सहज. आता बाई पुन्हा एकादशी करतात, पण वेळा तशाच ठेवून: सकाळी दूध आणि खजूर, अकराला केळं, एकला वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, पाचला राजगिऱ्याचा लाडू, रात्री रताळ्याचा कीस आणि दही. द्वादशीला सकाळी आठला नेहमीचे पोहे.